पंपाच्या कंपनीला सहा लाख आगाऊ द्यावेत का? कंपनीची प्रकृती बाहेरून कशी ओळखावी?

विट्याचा दुकानदार

नमस्कार. माझे विट्यात शेतीपंप, स्टार्टर आणि पाइपचे दुकान आहे. परराज्यातील एका कंपनीचे सबमर्सिबल पंप मी चार वर्षांपासून विकतो. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही, कारण माझा संशय खोटाही ठरू शकतो आणि मग उगाच एखाद्याची बदनामी होईल.

दरवर्षी जानेवारीत कंपनी हंगामापूर्वीची स्कीम काढते. गेल्या वर्षी दोन लाख आगाऊ भरल्यास चार टक्के जादा सूट होती. या वर्षी सहा लाख भरायचे आहेत आणि सूट नऊ टक्के आहे, माल फेब्रुवारी ते मे या काळात थोडा थोडा मिळणार आहे. सूट पाहून हात शिवशिवतात, पण एवढी मोठी रक्कम एका जागी अडकवण्यापूर्वी कंपनी आतून ठणठणीत आहे की नाही हे जाणून घ्यावेसे वाटते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे तिमाही निकाल पाहायला मिळत नाहीत. ऑनलाइन दुकानात तिच्या पाच एचपीच्या पंपाला सुमारे ११०० अभिप्राय आहेत आणि सरासरी ४.१ तारे आहेत. ग्राहकांचे अभिप्राय, मालाचा दर्जा आणि बाजारातील नाव एवढ्यावरून काही ठरवता येते का?

शेअरवाला सांगली

दादा, ११०० अभिप्राय हा लहान आकडा नाही. पाच-पन्नास लोकांनी तारे दिले असते तर चारदोन नाराज माणसांमुळे सरासरी हलली असती, पण हजाराच्या वर माणसे ४.१ म्हणत असतील तर माल चांगला आहे असे धरायला हरकत नाही. ज्या कंपनीचा माल चांगला आहे आणि ग्राहक समाधानी आहे ती कंपनी सहसा बुडत नाही. मी शेअर घेतानाही आधी वस्तू वापरून पाहतो. माझ्या मते स्कीम घ्यावी.

कुपवाडचा निवृत्त

मी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात सव्वीस वर्षे खरेदी विभागात होतो आणि माल पुरवणाऱ्यांची पत तपासणे हेच माझे काम होते. शेअरवाले म्हणतात ते अर्धे खरे आहे. मोठ्या संख्येची सरासरी सहज हलत नाही हे बरोबर, पण नेमकी तीच अडचण आहे. आपल्याला हवा आहे तो बदल, आणि जुन्या अभिप्रायांच्या ढिगाखाली बदल गाडला जातो. पाच वर्षांपूर्वी खूश झालेल्या शेतकऱ्याचे पाच तारे आजही त्या सरासरीत तेवढ्याच वजनाने बसलेले असतात.

म्हणून दुकानदार, एक संध्याकाळ खर्च करा. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावा, गेल्या सहा महिन्यांचे वेगळे काढा आणि त्यांचे तारे हाताने मोजा. मग एक आणि दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिले आहे ते वाचून त्याचे तीन गठ्ठे करा. पोहोचवण्याची किंवा खोक्याची तक्रार एका बाजूला, मोटार किंवा पंप बिघडल्याची दुसऱ्या, आणि वॉरंटी मिळाली नाही, माणूस आला नाही, सुटा भाग मिळत नाही ही तक्रार तिसऱ्या. पहिला गठ्ठा बहुतेक वेळा विक्रेत्याचा किंवा कुरियरचा दोष असतो, त्याकडे दुर्लक्ष करा. दुसरा मालाविषयी बोलतो. तिसरा कंपनीच्या तिजोरीविषयी बोलतो, म्हणून मी सर्वांत आधी तोच वाचतो.

आणखी एक. पंप विकत घेऊन आठवड्यात पाच तारे देणाऱ्या माणसाने फक्त खोके आणि रंग पाहिलेला असतो. पंपाची परीक्षा मार्च ते मे या काळात पाणी खोल गेल्यावर होते. ऑनलाइन अभिप्रायांपेक्षा तुमची स्वतःची वॉरंटीची वही अधिक मोलाची आहे. ती येथे मांडाल का?

मिरजेच्या वहिनी

मलाही हाच त्रास आहे. मी घेतलेला मिक्सर आठ महिन्यांत बंद पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये तीन चकरा झाल्या, प्रत्येक वेळी मोटारीचा भाग यायचा आहे असे सांगतात. शेवटी तेथील मुलगा कंटाळून म्हणाला की कंपनीने आमचीच दुरुस्तीची बिले पाच महिने दिलेली नाहीत, तर भाग कोठून येणार. मी दोन तारे दिले, पण त्याचा उपयोग काय? तक्रार कोठे करावी?

कुपवाडचा निवृत्त

वहिनी, आपला प्रश्न वेगळा आहे. आपण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बिल आणि सर्व्हिस सेंटरच्या पावत्या जवळ ठेवा. पण त्या मुलाने आपल्याला जे सांगितले ते या धाग्यातील सर्वांत कामाचे वाक्य आहे. पैशांची ओढाताण सुरू झाली की कंपनी पगार आणि कच्चा माल शक्यतो थांबवत नाही, कारण त्याने उत्पादनच थांबते. आधी थांबतात ती अशी देणी, जी थांबवली तर लगेच काही अडत नाही: सर्व्हिस सेंटरची बिले, डीलरला परत द्यायच्या रकमेच्या क्रेडिट नोटा, वॉरंटीचे बदली भाग. त्यामुळे माल अजून उत्तम असतानाच सेवा ढासळू लागते.

विट्याचा दुकानदार

सांगितल्याप्रमाणे मोजले, दोन रात्री गेल्या. गेल्या सहा महिन्यांत ९० अभिप्राय आले. त्यांत पाच तारे २१, चार तारे १६, तीन तारे १२, दोन तारे १५ आणि एक तारा २६ जणांनी दिला आहे. बेरीज २६१ तारे, म्हणजे सरासरी २.९. उरलेल्या १०१० अभिप्रायांची सरासरी काढली तर ती ४.२ येते. म्हणजे नव्या ग्राहकांचे मत ४.२ वरून २.९ वर आले तरी पडद्यावरचा आकडा ४.२ वरून केवळ ४.१ झाला आहे. मला हे पाहून खरेच आश्चर्य वाटले.

एक आणि दोन तारे देणारे ४१ जण आहेत. त्यांपैकी ९ जणांची पोहोचवण्याची तक्रार आहे, १२ जणांची बिघाडाची आणि २० जणांची वॉरंटी व सुट्या भागांची.

आता माझी वही. मागच्या वर्षी ३८ पंप विकले, त्यांपैकी ३ वर्षाच्या आत परत आले आणि कंपनीने ते सरासरी ९ दिवसांत बदलून दिले. या वर्षी ४४ विकले, दहा महिन्यांत ७ परत आले. त्यांपैकी ५ निकालात निघाले, पण सरासरी ३४ दिवस लागले, आणि २ पंप सत्तर दिवसांहून अधिक काळ तसेच पडून आहेत. माझ्या ३८ हजारांच्या क्रेडिट नोटाही अजून आलेल्या नाहीत. शेतकऱ्याचे पीक वाळू नये म्हणून दोन वेळा मी माझ्याकडचा पंप बदली दिला.

तासगावचा वायंडर

मी मोटारी भरतो, म्हणजे रिवाइंडिंग करतो. कंपनीची पत मला कळत नाही, पण मोटार कळते, म्हणून लिहितो. ३ चे ७ झाले एवढ्यावरून दर्जा घसरला असे म्हणू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडते, पाणी खाली गेले की पंप कोरडा चालतो, आणि द्राक्षबागेचा माणूस घाईत स्टार्टरचे रिले बांधून ठेवतो. त्यात कोणत्याही कंपनीची मोटार जळते. त्या सात मोटारींत काय बिघडले होते ते पाहिले पाहिजे. सगळी तार एकसारखी काळी पडलेली असेल तर बहुधा कमी व्होल्टेज किंवा जास्त भार. काही गुंडाळ्या काळ्या आणि काही कोऱ्या असतील तर एक फेज गेली होती. हे दोन्ही कंपनीच्या माथी मारता येणार नाहीत. पण तारेच्या जोडात पाणी शिरले असेल, थ्रस्ट बेअरिंग पहिल्याच हंगामात घासले असेल, आणि त्याच बोअरमध्ये आधीचा पंप पाच वर्षे नीट चालला असेल, तर मात्र मालात खोट आहे.

दुसरी गोष्ट. आम्ही जुनी तार काढून मोडीत घालतो, त्यामुळे प्रत्येक मोटारीतून किती तांबे निघाले ते आम्हाला वजनासकट माहीत असते. तुमच्या दुकानातून गेलेल्या त्या मॉडेलच्या दोन मोटारी या वर्षी माझ्याकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच मॉडेलमधून जेवढी तार निघे त्यापेक्षा या वेळी सुमारे चारशे ग्रॅम कमी निघाली. मोटारी दोनच आहेत, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही. कंपनीने रचनाच बदलली असेल तर तार कमी लागूही शकते.

शेअरवाला सांगली

अभिप्राय वेगळे काढून मोजण्याची कल्पना पटली, माझी चूक मान्य आहे. पण एक शंका राहते. ऑनलाइन दुकानात तिसराच विक्रेता जुना किंवा नकली माल विकत असेल तर त्या ९० जणांचा राग कंपनीवर का काढायचा? शिवाय जो शेतकरी विट्यातील दुकानातून पंप नेतो तो अभिप्राय लिहीत बसत नाही, तो थेट दुकानात येऊन बोलतो. म्हणजे आपण जे वाचतो ते एका वेगळ्याच ग्राहकाचे मत आहे.

कुपवाडचा निवृत्त

दोन्ही शंका रास्त आहेत, आणि पहिलीचे पूर्ण निराकरण बाहेरून होत नाही. पंपावरील पट्टीवर आयएसआय खुणेजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. सबमर्सिबल पंपसेटसाठी मानक आयएस ८०३४ आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते दिसते. मात्र अस्सल क्रमांक छापलेला नकली माल त्यातून पकडता येत नाही. म्हणूनच मी त्या ९० अभिप्रायांवर एकट्यावर विसंबणार नाही. पण दुकानदारांच्या वहीत पंप थेट कंपनीकडून आलेले आहेत, तेथे नकली मालाचा प्रश्न नाही, आणि तेथेही ९ दिवसांचे ३४ झाले आहेत. दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट पुढे आली की मी तिला वजन देतो.

साताऱ्याचा ओतारी

माझी सातारा एमआयडीसीत लहान फाउंड्री आहे, पंपांची ओतीव अंगे करतो. तुमच्या कंपनीला मी माल देत नाही, त्यामुळे तिच्याविषयी काही सांगू शकत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका पंप कंपनीत माझे पैसे अडकले, तेव्हाचा क्रम सांगतो.

आधी ऑर्डर लहान झाल्या. पूर्वी महिन्याची ऑर्डर एकदम येई, नंतर आठवड्याची येऊ लागली, कारण त्यांना साठा ठेवायला पैसे पुरत नव्हते. मग साठ दिवसांनी मिळणारे पैसे नव्वद, नंतर एकशेवीस दिवसांनी मिळू लागले. त्यानंतर खरेदीवाले साहेब, जे वर्षानुवर्षे एक मिलिमीटरवरून भांडत, ते एकाएकी गोड बोलू लागले आणि नापास झालेला मालही चालेल म्हणू लागले. मी तेव्हा खूश झालो, हा माझा मूर्खपणा. मग माझ्यासारख्या दोघातिघांनी उधारी बंद केली आणि त्यांनी रोखीवर मिळेल तेथून स्वस्त ओतकाम उचलले. दर्जा घसरला तो तेथे. गंमत म्हणजे त्या सगळ्या काळात बाजारात कंपनीचे नाव उत्तमच होते, कारण दुकानांत अजून जुनाच माल विकला जात होता. नाव खराब होईपर्यंत माझी उधारी आठ महिने जुनी झाली होती.

म्हणून पंपाच्या कंपनीची प्रकृती कळायची असेल तर तिच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारा की भाडे वेळेवर मिळते का. मालवाहतूकवाल्यांना हे सर्वांत आधी कळते आणि ते लपवतही नाहीत.

कुपवाडचा निवृत्त

ओतारी साहेबांनी जो क्रम सांगितला तोच मीही पाहिला आहे. आधी पुरवठादाराला कळते, मग सर्व्हिस सेंटर आणि डीलरला, मग मालात फरक पडतो, मग ग्राहक लिहू लागतो, आणि बाजारातील नाव सर्वांत शेवटी जाते. त्यामुळे नाव चांगले आहे हे ऐकून निश्चिंत होऊ नये. किर्लोस्करवाडी शेजारी असल्यामुळे आपल्या भागात पंपांविषयी मत नसलेला माणूस सापडत नाही, पण ती मते बहुतेक दहा वर्षांपूर्वी वापरलेल्या पंपावर बेतलेली असतात.

शेअरवाल्यांचा मूळ मुद्दा, म्हणजे ग्राहक खूश असेल तर कंपनी बुडत नाही, तोही तपासून घ्यावा. किंगफिशर एअरलाइन्सच्या सेवेची प्रवासी तोंड भरून स्तुती करत. २००५ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. ग्राहकाला जे आवडत होते त्याचाच खर्च कंपनीला झेपत नव्हता. अभिप्राय वाचून हे कधीच कळले नसते.

आता स्कीमचा हिशेब करू. जानेवारीच्या शेवटी सहा लाख दिले आणि माल चार महिन्यांत सारखा मिळत गेला, तर तुमचा प्रत्येक रुपया कंपनीकडे सरासरी दोन महिने राहतो. रोखीवर तुम्हाला एरवी किती सूट मिळते?

विट्याचा दुकानदार

एरवी रोखीवर तीन टक्के मिळते.

कुपवाडचा निवृत्त

म्हणजे आगाऊ पैशांसाठी खरी जादा सूट सहा टक्के. दोन महिन्यांना सहा टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ज्या कंपनीला बँक साध्या व्याजाने पैसे देते ती डीलरकडून या दराने पैसे का उचलेल? याचे एक निष्पाप उत्तर असू शकते. हंगामाआधी गोदाम रिकामे करणे किंवा स्पर्धकाचा माल तुमच्या दुकानात येऊ न देणे यासाठीही कंपन्या मोठी सूट देतात, आणि तो विक्रीचा खर्च असतो, व्याज नव्हे. पण गोदाम रिकामे करायचे असते तर माल आत्ताच उचला म्हणाले असते. येथे पैसे आत्ता आणि माल नंतर आहे.

ज्या बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक आहे तो जीएसटीच्या संकेतस्थळावर करदाता शोधण्याच्या जागी टाका. लॉगिन लागत नाही. तेथे प्रत्येक महिन्याचे विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले ते दिसते. मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी विक्रीचे विवरण जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे विवरण ३बी २० तारखेपर्यंत अपेक्षित असते. खरेदीवरील कर वजा जाता उरलेला कर ३बी सोबत रोख भरावा लागतो, म्हणून ओढाताण तेथे दिसते. तसेच भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधली की कोणत्या महिन्याचा भरणा कधी झाला आणि किती कामगारांचा झाला ते पाहायला मिळते.

विट्याचा दुकानदार

पाहिले. गेल्या वर्षी ३बी बहुतेक १८ ते २० तारखेच्या दरम्यान भरलेले आहे. गेले पाच महिने ते उशिरा आहे, कमीत कमी सात दिवस आणि एका महिन्यात पंचवीस दिवस. एका महिन्याचा जीएसटीआर-१ सुद्धा उशिरा गेला, आणि आता आठवले की त्याच महिन्यात माझ्या २बी मध्ये, म्हणजे माझ्या खरेदीच्या जीएसटी यादीत, त्यांची बिले दिसली नव्हती. तेव्हा माझ्या सीएंनी मलाच विचारले होते आणि मी ती त्यांची कारकुनी चूक समजलो. भविष्य निर्वाह निधीचा भरणा वेळेवर आहे, पण कामगारांची संख्या आठ महिन्यांत २१४ वरून १७१ झाली आहे. परवाना चालू आहे.

एरिया मॅनेजरना कामगारांविषयी सहज विचारले. ते म्हणाले की जुळणीचे काम ठेकेदाराला दिले आहे, म्हणून माणसे त्याच्या खात्यावर गेली. ते स्वतः मात्र गेल्या दोन वर्षांतील तिसरे एरिया मॅनेजर आहेत.

साताऱ्याचा ओतारी

ठेकेदाराचे कारण खरे असू शकते, मीही तसे केले आहे. कर उशिरा भरण्याला तसे कारण नसते. त्यावर व्याज आणि दंड लागतो, हे माहीत असूनही जो उशीर करतो त्याच्याकडे त्या दिवशी पैसे नसतात.

शेअरवाला सांगली

तरीही मला हे पूर्ण पटत नाही. कच्च्या मालाचे भाव चढले की वर्षभर ओढाताण होते आणि नंतर कंपनी सावरते. अशा वेळी सोबत राहिलेल्या डीलरला पुढे चांगले दिवस येतात. सगळ्यांनीच हात आखडला तर धडधाकट कंपनीही आजारी पडेल.

कुपवाडचा निवृत्त

हे अगदी खरे आहे आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. आपण जे पाहिले त्यावरून कंपनीला पैशांची चणचण आहे एवढेच म्हणता येते, ती बुडणार असे म्हणता येत नाही. पण सावरेपर्यंत सोबत राहायचे असेल तर माल रोखीने घेऊनही राहता येते. आगाऊ पैसे दिलेला डीलर म्हणजे तारण न घेतलेला सावकार असतो, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली तर तो बँकांच्या पुष्कळ मागे उभा राहतो.

माझा सल्ला एवढाच की ३८ हजारांच्या क्रेडिट नोटा आणि ते दोन पंप आधी निकालात काढायला सांगा. त्यांना काय उत्तर देता येते ते पाहा. पैसे असलेली कंपनी सहा लाखांच्या डीलरसाठी ३८ हजार दोन दिवसांत सोडते.

विट्याचा दुकानदार

काल बोललो. क्रेडिट नोटा स्कीमच्या रकमेत वळत्या करून घेतो, म्हणजे मी पाच लाख बासष्ट हजारच भरावेत, असे ते म्हणाले. मी सांगितले की एका गाडीचा माल रोखीने घेतो, गाडी दुकानात उतरली की त्याच दिवशी पैसे पाठवतो, सूट सहा टक्के दिली तरी चालेल. त्यावर वरून विचारून सांगतो म्हणाले. मी हे ईमेलवर लिहून पाठवायला सांगितले आहे, अजून आलेले नाही. ते दोन पंप अजून दुकानाच्या मागे पडून आहेत.

तासगावचा वायंडर

ते दोन पंप कंपनीकडे पाठवण्यापूर्वी एकदा माझ्याकडे आणा. सील न तोडता बाहेरून जोड आणि केबल तरी पाहतो, आणि मेगरवर इन्शुलेशन मोजून देतो. त्याचे पैसे नकोत.

मिरजेच्या वहिनी

१९१५ वर तक्रार नोंदवली. सर्व्हिस सेंटरचे शटर मात्र सोमवारपासून बंद आहे.